कर्जाने कारखान्याची किंमत वाढते का?

चाकण एमआयडीसीतल्या लघुउद्योजकांच्या बोलण्यात एक हिशोब पुन्हा पुन्हा येतो. बँकेचा पैसा दहा टक्क्यांनी मिळतो, धंदा पंधरा टक्के देतो, म्हणजे मधले पाच टक्के आपले. मग स्वतःचा पैसा कशाला अडकवायचा? जेवढं कर्ज मिळेल तेवढं घ्यावं, नवं व्हीएमसी बसवावं, शेड वाढवावी. या हिशोबातली बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. चूक त्यातून निघणाऱ्या निष्कर्षात आहे. स्वस्त पैसा आत आला की एकूण धंदा अधिक किमती होतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीतक पहिल्यांदा नीट तपासलं फ्रँको मोदिल्यानी आणि मर्टन मिलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत शिकवत असताना १९५८ साली त्यांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. कर नसतील, दिवाळखोरीचा खर्च नसेल आणि कंपनीला ज्या दराने कर्ज मिळतं त्याच दराने गुंतवणूकदारालाही मिळत असेल, तर कंपनीची एकूण किंमत तिने कर्ज घेतलं की नाही यावर अवलंबून राहत नाही, हा त्यांचा पहिला निष्कर्ष होता. दुसरा निष्कर्ष त्यातूनच येतो. कर्ज वाढेल तसा भागधारकांना हवा असलेला परतावाही वाढतो, आणि तो नेमका इतका वाढतो की स्वस्त कर्जाचा फायदा पूर्ण फिटून जातो. पुढे दोघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मोदिल्यानींना १९८५ मध्ये आणि मिलर यांना १९९० मध्ये.

या प्रकरणात आपण कर बाजूला ठेवणार आहोत. भारतात कर आहे आणि त्याने उत्तर बदलतं, हे खरंच. पण कर नसतानाचं उत्तर हाताशी नसेल, तर कराने नेमकं किती बदललं हे मोजायचं कशावरून?

शेजारशेजारच्या दोन शेड

हिशोबासाठी चाकणमध्ये दोन काल्पनिक कारखाने घेऊ. दोघांकडे तीच यंत्रं आहेत, तेच ग्राहक आहेत. दोघेही वाहन कंपन्यांना मशीनिंग केलेले सुटे भाग पुरवतात. व्याज देण्याआधीचा नफा दोघांचाही सरासरी दीड कोटी रुपये आहे. कधी तो वर जातो, कधी खाली, पण दोघांचा एकाच वेळी आणि तेवढाच. असा धंदा विकत घेणारा माणूस त्यातली जोखीम पाहून पंधरा टक्के परतावा मागतो असं धरू. दरवर्षी दीड कोटी देणाऱ्या धंद्याची किंमत मग दहा कोटी होते.

पहिल्या कारखान्यावर एका पैशाचंही कर्ज नाही. त्याचे दहा लाख शेअर आहेत आणि प्रत्येकाची किंमत शंभर रुपये. दुसऱ्याने दहा टक्के व्याजाने पाच कोटींचं कर्ज घेतलं आहे. तो दरवर्षी पन्नास लाख व्याज भरतो आणि भागधारकांसाठी एक कोटी उरतात. प्रश्न असा की या एक कोटीची, म्हणजे दुसऱ्या कारखान्याच्या शेअरांची, बाजारात किंमत किती असावी?

चाकणचा नेहमीचा हिशोब म्हणेल, धंदा तोच, म्हणून परतावाही तोच पंधरा टक्के. एक कोटीला पंधरा टक्क्यांनी भागलं की सुमारे सहा कोटी सदुसष्ट लाख येतात. त्यात पाच कोटींचं कर्ज मिळवलं की हा कारखाना अकरा कोटी सदुसष्ट लाखांचा ठरतो. शेजारचा दहा कोटींचा आणि हा पावणेबारा कोटींच्या घरातला. दोन्हीकडे यंत्रं तीच आणि मालही तोच.

असा फरक टिकेल का? मोदिल्यानी आणि मिलर यांनी इथे एक साधा व्यवहार करून दाखवला. समजा, दुसऱ्या कारखान्याचे दहा टक्के शेअर तुमच्याकडे आहेत. वरच्या किमतीने ते सहासष्ट लाख सदुसष्ट हजारांचे होतात आणि त्यांतून तुम्हाला वर्षाला दहा लाख मिळतात. हे शेअर तुम्ही विकून टाका. स्वतःच्या नावावर दहा टक्क्यांनी पन्नास लाखांचं कर्ज काढा. आता हातात एक कोटी सोळा लाख सदुसष्ट हजार आले. त्यातल्या एक कोटीत पहिल्या, कर्ज नसलेल्या कारखान्याचे दहा टक्के शेअर घ्या.

वर्षाअखेरीस पहिल्या कारखान्याकडून तुमच्या वाट्याला पंधरा लाख येतील. स्वतःच्या कर्जाचं पाच लाख व्याज द्याल आणि दहा लाख उरतील, म्हणजे आधी मिळत होते तितकेच. नफा चढला-उतरला तरी दोन्ही मार्गांनी रक्कम तीच राहते. पाच लाखांचं व्याज आधी कंपनीमार्फत तुमच्या वाट्याला येत होतं, आता ते तुम्ही थेट भरता, एवढाच फरक. वर सोळा लाख सदुसष्ट हजार रुपये हातात मोकळे उरले आहेत.

हा व्यवहार दिसल्यावर कोण थांबेल? प्रत्येक जण दुसऱ्या कारखान्याचे शेअर विकेल आणि पहिल्याचे घेईल. मोकळे पैसे सुटणं बंद होईपर्यंत भाव सरकत राहतील. समजा पहिल्याचा भाव शंभरावर स्थिर आहे, तर दुसऱ्याच्या सगळ्या शेअरांची किंमत पाच कोटींवर येऊन थांबेल. पाच कोटींचे शेअर आणि पाच कोटींचं कर्ज, मिळून दहा कोटी. जे कर्ज गुंतवणूकदार स्वतः घरी काढू शकतो, ते कंपनीने त्याच्या वतीने काढून दिलं म्हणून तो कंपनीला जादा किंमत देणार नाही.

पंधराचे वीस टक्के का झाले

आता दुसऱ्या कारखान्याच्या भागधारकांना पाच कोटींवर एक कोटी मिळतात. हा वीस टक्के परतावा झाला. शेजारच्याला पंधरा आणि याला वीस, तरी दोघांपैकी कोणीही अधिक श्रीमंत झालेला नाही. हे वरचे पाच टक्के कशाचे, हे समजण्यासाठी तीन प्रकारची वर्षं पाहू.

सर्वसाधारण वर्षी व्याजाआधीचा नफा दीड कोटी असतो. गाड्यांना मागणी जोरात असेल तर तो दोन कोटी वीस लाखांवर जातो. मंदीच्या वर्षी ऐंशी लाखांवर येतो. पहिल्या कारखान्याच्या मालकांना दहा कोटींवर अनुक्रमे पंधरा, बावीस आणि आठ टक्के मिळतात. दुसऱ्याने मात्र तिन्ही वर्षी पन्नास लाख आधी बँकेला द्यायचे आहेत. मंदी आली म्हणून हप्ता कमी होत नाही. उरलेल्या पैशांतून त्याच्या मालकांना पाच कोटींवर वीस, चौतीस आणि सहा टक्के मिळतात.

पहिल्याचा परतावा सरासरीच्या सात टक्के वर गेला आणि सात टक्के खाली आला. दुसऱ्याचा चौदा टक्के वर गेला आणि चौदा टक्के खाली आला. चढउतार नेमका दुप्पट झाला. आता त्याची भरपाई पाहा. बँकेच्या सुरक्षित दहा टक्क्यांच्या वर पहिल्याला पाच टक्के जास्त मिळतात आणि दुसऱ्याला दहा टक्के. भरपाईही नेमकी दुप्पट झाली. जोखीम दुप्पट घेतली, तिचा मोबदला दुप्पट मिळाला. यात फुकट मिळालेलं काही नाही.

याचंच सूत्र असं लिहितात:

भागधारकांचा अपेक्षित परतावा = धंद्याचा परतावा + (धंद्याचा परतावा − व्याजदर) × (कर्ज ÷ शेअरांची किंमत)

आपल्या आकड्यांनी पंधरा अधिक पाच गुणिले एक, म्हणजे वीस. चाकणच्या उद्योजकाला जे मधले पाच टक्के आपला नफा वाटतात, तेच या सूत्रात कंसात बसलेले आहेत. ते मिळतात हे खरं आहे. पण धंद्याची सगळी धग निम्म्या भांडवलाने सोसायची आणि दुसऱ्या निम्म्याला ठरलेलं व्याज बिनबोभाट द्यायचं, याचं ते मोल आहे. दोन्ही प्रकारच्या पैशांची सरासरी काढली, निम्मा वीस टक्क्यांचा आणि निम्मा दहा टक्क्यांचा, की पुन्हा पंधराच येतात. कारखान्याची यंत्रं जेवढं देतात तेवढंच सगळ्यांना मिळून वाटता येतं.

नफा नेमका एक कोटी झाला तर दोन्ही कारखान्यांचे मालक दहा टक्क्यांवर बरोबरीला येतात. त्याच्या वर कर्ज मालकाच्या बाजूने काम करतं, खाली त्याच्या विरुद्ध. नफा चाळीस लाखांवर घसरला तर पहिल्याला अजून चार टक्के मिळतात. दुसऱ्याला मात्र व्याजाचे दहा लाख खिशातून भरावे लागतात.

आणि कर्ज आणखी वाढवलं तर? दहा कोटींच्या कारखान्यावर आठ कोटींचं कर्ज असेल, तर बँकही दहा टक्क्यांवर थांबणार नाही. समजा तिने बारा टक्के मागितले. सूत्राप्रमाणे पंधरा अधिक तीन गुणिले चार, म्हणजे भागधारकांचा परतावा सत्तावीस टक्के होतो. व्याज दहावरच राहिलं असतं तर तो पस्तीस झाला असता. बँकेने जोखमीचा काही भाग स्वतःकडे घेतला आणि त्याचे पैसे लावले, म्हणून मालकाच्या परताव्याची चढण मंदावली. सरासरी मात्र पुन्हा पंधराच: दोन कोटींवर सत्तावीस टक्के म्हणजे चोपन्न लाख, आठ कोटींवर बारा टक्के म्हणजे शहाण्णव लाख, आणि दोन्ही मिळून दीड कोटी.

दर शेअरमागे नफा वाढला, भाव का नाही

समजा पहिल्या कारखान्याने आज पाच कोटींचं कर्ज काढलं आणि त्या पैशांतून शंभर रुपये भावाने स्वतःचे पाच लाख शेअर परत विकत घेतले. आधी दर शेअरमागे पंधरा रुपये नफा होता. आता एक कोटी नफा पाच लाख शेअरांत वाटला जाईल, म्हणजे वीस रुपये. अहवालात हा आकडा फार देखणा दिसतो. व्यवस्थापनाची कार्यक्षमता तेहतीस टक्क्यांनी वाढली असं कोणी म्हणालं तर क्षणभर पटेलही.

पण शेअरचा भाव शंभरच राहतो. आधी लोक पंधरा रुपयांच्या नफ्यासाठी शंभर देत होते, आता वीस रुपयांसाठीही शंभरच देतात, कारण हे वीस रुपये त्या पंधरांपेक्षा जास्त डळमळीत आहेत. दर शेअरमागचा नफा वाढला आणि नफ्याच्या पटीत मिळणारा भाव सुमारे पावणेसातवरून पाचवर आला. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कर्ज घेऊन केलेल्या शेअर खरेदीचा अर्थ लागत नाही.

जुन्या महामार्गावरचं २००८ साल

पुस्तकातले जुळे कारखाने प्रत्यक्षात सापडत नाहीत. तरी पिंपरी-चिंचवडमध्ये एकाच वादळात सापडलेल्या, पण कर्जाच्या बाबतीत अगदी वेगळ्या अशा दोन मोठ्या कंपन्या २००८ साली होत्या. पिंपरीत मोठा कारखाना असलेल्या टाटा मोटर्सने त्या वर्षी जूनमध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला विकत घेतली आणि त्यासाठी ३०० कोटी डॉलरचं अल्पमुदतीचं कर्ज उचललं. आकुर्डीत मुख्यालय आणि चाकणला कारखाना असलेल्या बजाज ऑटोचा व्याजाचा खर्च मात्र नाममात्र होता.

सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, जगभर कर्जबाजार गोठला आणि वाहनांची मागणी आटली. वर्षाअखेरीस टाटा मोटर्सला पिंपरीतलं उत्पादन काही दिवस थांबवावं लागलं. २००८-०९ मध्ये समूहाला सुमारे अडीच हजार कोटींचा एकत्रित तोटा झाला. पुढच्याच वर्षी सुमारे अडीच हजार कोटींचा नफा झाला आणि २०१०-११ मध्ये तो नऊ हजार कोटींच्या वर गेला. बजाज ऑटोचा नफा २००८-०९ मध्ये घटला, पण कंपनी नफ्यातच राहिली.

हा सगळा झोका कर्जाचा होता असं म्हणणं चुकीचं ठरेल. ट्रक आणि महागड्या मोटारी मंदीत मोटारसायकलींपेक्षा जास्त आपटतात. म्हणजे टाटा मोटर्सच्या धंद्यातच मुळात जोखीम अधिक होती. कर्जाने ती भागधारकांपर्यंत पोहोचताना वाढवली, घसरताना आणि चढतानाही. शिवाय सूत्रातलं कर्जाचं प्रमाण ताळेबंदातल्या भांडवलाशी नव्हे, तर शेअरांच्या बाजारभावाशी मोजायचं असतं. शेअर कोसळतो तेव्हा नवं कर्ज न घेताही हे प्रमाण आपोआप वाढतं, आणि उरलेला शेअर आधीपेक्षा जास्त जोखमीचा होतो. मंदीत कर्जदार कंपन्यांचे शेअर रोजच्या रोज इतके हेलकावे का खातात, याचं एक कारण हे आहे.

बजाज ऑटोकडे पाहिलं तर तोच नियम उलट दिशेने दिसतो. कर्जाऐवजी हातात मोठी रोख आणि गुंतवणूक असेल, तर त्या शेअरमध्ये थोडा कारखाना असतो आणि थोडी बँकेतली ठेव. म्हणून असा शेअर निव्वळ कारखान्यापेक्षा शांत असतो आणि त्यावर अपेक्षित परतावाही कमी असतो. २०२४ मध्ये बजाज ऑटोने दहा हजार रुपये भावाने चाळीस लाख शेअर परत घेऊन चार हजार कोटी भागधारकांना दिले. आपल्या करमुक्त जगात अशा वाटपाने चाकणच्या असेंब्ली लाइनची किंमत बदलत नाही. कंपनीच्या खात्यातली ठेव भागधारकाच्या खात्यात जाते. उरलेल्या शेअरमध्ये कारखान्याचा वाटा वाढतो, म्हणून त्याची जोखीम आणि अपेक्षित परतावा थोडा वर सरकतो.

हा नियम कुठे ढिला पडतो

सगळा युक्तिवाद गुंतवणूकदाराने स्वतः काढलेल्या कर्जावर उभा आहे. प्रत्यक्षात शेअर तारण ठेवणाऱ्या माणसाला कर्ज सहसा मोठ्या कंपनीपेक्षा महाग पडतं, म्हणून किमतीतला छोटा फरक काही काळ टिकू शकतो.

दुसरी अडचण चाकणच्या व्हेंडरांना जास्त भिडते. हप्ते थकायला लागले की नुकसान फक्त व्याजापुरतं राहत नाही. पुरवठा तुटेल या भीतीने वाहन कंपनी पुढच्या महिन्याचं शेड्यूल दुसऱ्या पुरवठादाराकडे वळवते, पोलादाचा व्यापारी उधारी बंद करतो, चांगले ऑपरेटर सोडून जातात. तेव्हा कारखान्याचा दीड कोटींचा नफाच कमी होतो. कर्जाने दहा कोटींची वाटणी बदलते इथपर्यंत मोदिल्यानी-मिलर बरोबर आहेत. पण कर्ज इतकं झालं की ते दहा कोटीच कमी होऊ लागले, तर त्यांचं गृहीतक मोडलेलं असतं.

तिसरी गोष्ट लहान कारखान्यांच्या ताळेबंदात दिसतच नाही. बँक मालकाची वैयक्तिक हमी घेते, अनेकदा राहतं घरही गहाण घेते. दहा टक्के हा दर मग एकट्या कारखान्याचा नसतो, कारखाना आणि घर दोन्हींच्या आधारावरचा असतो. धंदा बुडाला तर पहिला फटका घर सोसणार आहे. म्हणजे त्या धंद्यात मालकाचं घरही भांडवल म्हणून लागलेलं आहे, फक्त त्यावर कोणी परतावा मोजत नाही. अशा ठिकाणी पैसा स्वस्त मिळाला असं म्हणताना घराच्या जोखमीची किंमत शून्य धरलेली असते.

उरतो तो कर. व्याज हा खर्च मानला जातो, लाभांश मानला जात नाही. म्हणून कर आला की सरकारचा वाटा कमी होऊन कर्जदार कंपनीची किंमत खरोखर वाढते. ते किती, हे पुढच्या प्रकरणात पाहू. तिथेही सुरुवात याच दहा कोटींपासून होईल.

ताळेबंद हातात आल्यावर

एखाद्या मालकाने किंवा कंपनीने भांडवलावरचा परतावा पंधरावरून वीसवर गेल्याचं सांगितलं, तर आधी व्याजापूर्वीचा नफा काढावा आणि त्याला कर्ज अधिक स्वतःचा पैसा अशा एकूण भांडवलाने भागावं. हा आकडा वाढला असेल, तर काम सुधारलं आहे: स्क्रॅप कमी झालं, यंत्रं जास्त तास चालली, ग्राहकाकडून चांगला दर मिळाला. हा आकडा पंधरालाच असेल आणि फक्त मालकाचा परतावा वाढला असेल, तर वाढ कर्जातून आली आहे.

मग दुसरा प्रश्न विचारावा: नफा किती खाली आला की हे कर्ज उलटायला लागेल? आपल्या उदाहरणात तो आकडा एक कोटी होता, म्हणजे नेहमीच्या नफ्यापेक्षा एक तृतीयांश कमी. वाहन उद्योगाच्या मंदीत व्हेंडरच्या नफ्यात एवढी घट येणं अजिबात असामान्य नाही. कर्ज घ्यायचं की नाही याचा निर्णय मधल्या पाच टक्क्यांकडे बघून नव्हे, तर या एक तृतीयांशाकडे बघून व्हायला हवा.